अण्णांना लिहायचं पत्र: ऑपरेशनचं नाव नको, फक्त तपासणी

प्रश्न: माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, आई आणि ते जेल रोडला राहतात, मी पुण्यात. तीन वर्षांपासून त्यांना मूळव्याधीचा त्रास आहे. महिन्यातून दोन-तीनदा संडासला रक्त पडतं, एरवी दुखत नाही. मेडिकलमधून मलम आणतात, लावतात, विषय संपतो. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ॲस्पिरिन चालू आहे. मागच्या वर्षी हिमोग्लोबिन १२.६ होतं, आता १०.२ आलं. त्यावर त्यांनी स्वतःच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरला दाखवा म्हटलं की म्हणतात, "ते लोक कापायलाच बसलेत." त्यांच्या जुन्या मित्राचं ऑपरेशन झालं होतं, तो महिनाभर बसू शकत नव्हता. फोनवर हा विषय काढला की आईकडे फोन देतात. पत्र लिहावं असं वाटतंय, पण मुलीने बापाला हे कसं लिहायचं?
— एक मुलगी, पुणे

उत्तर: पत्र जरूर लिहा. फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं आणि अवघड विषयावर लगेच दिलेलं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. पत्र माणूस एकटा असताना वाचतो, पुन्हा वाचतो. पण लिहिण्याआधी तुम्ही नक्की काय मागताय, ते स्वतःशी पक्कं करा. "मूळव्याधीवर उपचार घ्या" असं लिहिलंत की अण्णांच्या डोळ्यांपुढे तो मित्र उभा राहणार. तुम्हाला हवंय ते एवढंच की रक्त कुठून येतं ते एकदा कुणीतरी डोळ्यांनी बघावं. कारण तीन वर्षं जिला सगळे मूळव्याध म्हणतायत, ती आजवर कुणी पाहिलेलीच नाही. नाव अण्णांनी ठेवलं, मलम दुकानदाराने दिलं.

आता तुमच्या पत्रातले आकडे जरा शेजारी-शेजारी मांडू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचाच्या शेवटी ठिबकतं आणि सहसा दुखत नाही. अण्णांचं वर्णन त्याच्याशी जुळतं, त्यामुळे मूळव्याध असेलही. पण एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या भांड्यात थोडं रक्तसुद्धा भयंकर दिसतं, तरी एका वेळी दोन चमचे, म्हणजे १० मिली जातं असं सढळ हाताने धरू. महिन्यातून तीन वेळा म्हणजे ३० मिली, म्हणजे १५ मिलिग्रॅम लोह. दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. निरोगी माणसाचं शरीर जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतं आणि गरज पडली तर थोडं जास्तही ओढतं. मग एवढ्याशा गळतीने वर्षात हिमोग्लोबिन १२.६ वरून १०.२ वर यावं, हे पटत नाही. (पुरुषांत १३ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, म्हणजे मागच्या वर्षीच ते कमी होतं.) नजरेचा अंदाज चुकू शकतो, हा हिशेब तराजूतला नव्हे. पण रोज चमचाभर रक्त गेलं तर मात्र हळूहळू लोहाचा साठा रिकामा होतो, आणि तेवढं रक्त शौचात मिसळून गेलं तर डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून तपासणीत दोन वेगळे प्रश्न आहेत. दिसणारं रक्त कुठून येतं, हा एक. हिमोग्लोबिन कशाने उतरलं, हा दुसरा. मोठ्या आतड्यातली एखादी गाठ किंवा कोंबासारखी वाढ, ॲस्पिरिनमुळे जठराला पडलेली जखम, बी-१२ ची कमतरता, किडनीचं काम मंदावणं, यातलं काहीही असू शकतं. आणि मूळव्याध सापडली म्हणजे वर दुसरं काही नाही, असं होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात आणि चुकतं ते इथेच: मोड दिसले, सगळे निश्चिंत झाले, वरचं तसंच राहिलं.

लोहाच्या गोळ्यांनी यात आणखी एक घोळ घातलाय. त्यांनी पोट घट्ट होतं, कुंथावं लागतं, कुंथलं की मोडातून रक्त येतं. शिवाय शौचाचा रंग काळा होतो. जठरातून रक्त जात असेल तरीही शौच काळंच होतं, डांबरासारखं, चिकट आणि विशिष्ट वासाचं. म्हणजे जी खूण बघून आपण सावध झालो असतो, ती गोळ्यांनी झाकली.

हे सगळं पत्रात लिहू नका. हे तुमच्यासाठी आणि डॉक्टरांसाठी आहे. पत्राचा एक मसुदा खाली देतोय. "तुम्ही" ऐवजी घरात "तू" म्हणत असाल तर तसं करा, शब्द तुमचे घाला.

> तीर्थरूप अण्णा,
> साष्टांग नमस्कार.
>
> फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. हे पत्र फक्त तुम्हाला आहे, आईलाही या पत्राबद्दल सांगितलेलं नाही.
>
> तुम्हाला संडासला रक्त जातं त्याबद्दल आहे. मुलीने हे लिहावं याचा मलाही संकोच वाटतोय, तुम्हालाही वाटेल. एकदाच वाचा.
>
> मी ऑपरेशन करा म्हणत नाही. तुमच्या मित्राचे हाल झाले ते खरं आहे, ते ऑपरेशन आजही दुखरंच असतं. पण मूळव्याधीच्या बऱ्याच पेशंटना ते लागतच नाही, आणि लागलं तरी तुमच्या होकाराशिवाय कुणी हात लावू शकत नाही. मी फक्त तपासून घ्या म्हणतेय.
>
> तपासणी कशी असते ते विचारून घेतलंय. उपाशी जायचं नाही. सकाळी पोट साफ झालं की नेहमीचा नाश्ता करून जायचं. आत गेल्यावर डॉक्टर आधी नुसते प्रश्न विचारतात. मग डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, अंगावर चादर असते. हातमोजा घालून, जेली लावून एका बोटाने तपासतात. त्यानंतर बोटाएवढी आखूड नळी आत घालून उजेडात बघतात. हे सगळं पाचेक मिनिटांत होतं. शौचाला लागल्यासारखं वाटतं, दाब जाणवतो, पण चिरत नाहीत, टोचत नाहीत. दुखलं तर "थांबा" म्हणायचं, डॉक्टर थांबतात. तपासणी झाल्यावर चालत बाहेर यायचं, रिक्षाने घरी.
>
> डॉक्टर पुरुषच असतील असं बघते. मी सोबत येईन, पण बाहेर बाकावर बसेन. मी नको असेन तर तुमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधलं कुणी बरोबर न्या. आत काय झालं ते मी विचारणार नाही, डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं तेवढं दाखवा.
>
> मला काळजी मूळव्याधीची नाही, अण्णा. रिपोर्टमध्ये रक्त वर्षभरात उतरलंय, त्याची आहे. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, त्याला कमी रक्तावर जास्त काम करायला लावणं बरं नाही. ते कशाने उतरलं हे कळलं की पुढचं काय ते तुम्ही ठरवा.
>
> येत्या शनिवारी मी नाशिकला येतेय. सोमवारी सकाळी जाऊ या का? नको असेल तर कुठला दिवस चालेल तेवढं सांगा.
>
> ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. रक्त जातं म्हणून ती थांबवावीशी वाटेल, पण ती स्टेंटसाठी आहे.
>
> तुमची,
> (घरातलं नाव)

या मसुद्यात "कॅन्सर" हा शब्द मुद्दाम टाळलाय. अण्णांनी स्वतःहून विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. "या वयात तो नाही ना, हे बघतातच. आतड्यातल्या अशा गाठी बहुतेक आधी साध्या कोंबासारख्या असतात, आणि तेव्हाच सापडल्या तर दुर्बिणीतून बघता बघता काढूनही टाकतात," असं सरळ सांगा. ते खरंही आहे. घाबरवून नेलेला माणूस पहिल्या तपासणीला येतो आणि दुसऱ्या तपासणीच्या तारखेला गावाला निघून जातो.

"आईला सांगितलेलं नाही" हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. पत्र फॅमिली ग्रुपवर तर नाहीच, मोबाइलवरही पाठवू नका, नातवंडांच्या हातात फोन असतो. पाकिटात घालून कुरिअर करा किंवा निघताना हातात द्या. समोर बसून वाचायला लावू नका. त्यानंतर दोन-तीन दिवस गप्प राहा. मग एकच प्रश्न विचारा: सोमवार की बुधवार?

पत्रात मिसळीवर, तिखटावर काही लिहू नका. नाशिककराला रविवारची मिसळ सोड म्हटलं की पुढचं सगळं पत्र वाया. तिखटाने आग होते हे खरं, पण तिखटाने मूळव्याध होते असं नाही, आणि हिमोग्लोबिन तर त्याने नक्कीच उतरत नाही.

कुठे जायचं, तर जनरल सर्जनकडे. घराजवळ महापालिकेचं बिटको रुग्णालय आहे, त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सर्जरीची ओपीडी कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत असते, ते आधी फोन करून विचारा. एकदा कसेबसे तयार झालेले अण्णा "आज डॉक्टर नाहीत" ऐकून परतले, तर पुन्हा यायचे नाहीत. खाजगीत गेलात तर एक खूण लक्षात ठेवा: जो आत न बघताच "लेझरचं पॅकेज" सांगतो, त्याच्याकडून उठा. लेझर हेसुद्धा ऑपरेशनच आहे. भिंतीवर "बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये मुळासकट" असं रंगवणाऱ्यांकडे तर अजिबात नको. डिग्री नसलेल्यांनी तिथे जाळणारी औषधं टोचल्याने मार्ग आकसून बसल्याची किंवा शौचावरचा ताबा गेल्याची उदाहरणं सर्जन लोकांना नवीन नाहीत. आयुर्वेदिक उपचारच हवे असतील तर शल्यतंत्रात एम.एस. केलेल्या वैद्यांकडे जा, तेही आधी तपासतातच.

त्या दिवशी अण्णांना पट्ट्याची पँट नको, नाडीचा पायजमा किंवा इलॅस्टिकची पँट घालू दे. बक्कल काढत उभं राहण्यातच निम्मा संकोच असतो. अँजिओप्लास्टीची फाइल, हिमोग्लोबिनचे दोन्ही रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घ्या. नुसती नावं सांगू नका, पट्ट्याच न्या. मेडिकलमधून आणलेलं मलमही न्या. त्यात स्टेरॉइड असेल तर ते आठवड्याच्या वर सलग लावायचं नसतं, तिथली त्वचा पातळ होते. अण्णांनी ते किती दिवस लावलं, हे डॉक्टरांना कळायला हवं.

आत डॉक्टर विचारतील ती उत्तरं अण्णांकडून आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे लाजेने "काही नाही, ठीक आहे" असं होणार नाही. रक्त ठिबकतं की शौचात मिसळलेलं असतं? काही बाहेर येतं का, आलं तर आपोआप आत जातं की बोटाने सारावं लागतं? जाऊन आल्यावरही पोट राहिल्यासारखं वाटतं का? गेल्या काही महिन्यांत वेळ, रंग, घट्टपणा बदललाय का? शेंब पडते का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का? वजन उतरलंय का, हा प्रश्न अण्णांपेक्षा आईला विचारा, किंवा त्यांचा पट्टा बघा. जुन्या भोकाभोवती चामडं ताणल्याची खूण दिसत असेल आणि आताचं भोक त्याच्या आत असेल, तर ते सांगा.

नळीने तपासल्यावर "मूळव्याध आहे" असं सांगितलं की अण्णा उठायला बघतील. तिथे तुमचा किंवा सोबतच्या माणसाचा एकच प्रश्न महत्त्वाचा: "हिमोग्लोबिन १०.२ का आलं, याचं उत्तर यात मिळालं का?" ती आखूड नळी शेवटची काही बोटं जागा दाखवते, आतडं त्याच्या पुढे जवळजवळ दीड मीटर आहे. त्यामुळे डॉक्टर बहुधा सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या सांगतील. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. गोळ्या किती दिवस घेतल्या ते सांगा, नाहीतर आकडा फसवा येतो. साठा कमी निघाला तर या वयाच्या पुरुषाला तोंडातून आणि खालून, अशा दोन्ही दुर्बिणी सांगणं रीतसर आहे. पैसे काढायला सांगतायत असं समजू नका.

खालच्या दुर्बिणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, सर्वात कठीण आदली रात्र असते. पोट धुऊन काढणारं औषध दोन ते चार लिटर पाण्यातून प्यावं लागतं, बऱ्याचदा अर्धं रात्री, अर्धं पहाटे. शेवटी पाण्यासारखं, पिवळसर, आरपार दिसणारं होईपर्यंत पोट साफ व्हावं लागतं. अर्धवट साफ झालं तर चित्र गढूळ दिसतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ७२ वर्षांच्या माणसाने रात्री आठ-दहा वेळा उठायचं, तेही रक्त कमी असताना, म्हणजे चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा आहे. त्या रात्री तुम्ही घरी राहा. संडासपर्यंतचा दिवा चालू, फरशी कोरडी, कडी आतून लावायची नाही. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांचा काळा थर आतड्याला चिकटून बसतो. ॲस्पिरिनचं काय करायचं ते दुर्बीणवाले आणि हृदयाचे डॉक्टर मिळून सांगतील. तपासणी गुंगी देऊन करतात, त्यामुळे त्या दिवशी परत न्यायला कुणीतरी हवंच.

आणि शेवटी निघाली नुसती मूळव्याधच, तर पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या मोडांना आधी पोट मऊ ठेवणं आणि गरज पडली तर रबर बँड, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. मोडाच्या मुळाशी छोटा रबर बसवतात. तो भाग इतका आत असतो की तिथे टोचल्याचं कळत नाही, म्हणून भूलही लागत नाही. पाच ते दहा दिवसांत मोड सुकून गळून पडतो, त्या दिवशी थोडं रक्त दिसतं. ॲस्पिरिनवर असलेल्या माणसाला ते जरा जास्त येऊ शकतं, हे आधी बोलून घ्या. बँडनंतर ताप आला, लघवी अडली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न बघता परत जायचं.

तपासणीची तारीख येईपर्यंत इसबगोल सुरू करायला हरकत नाही: रात्री एक-दोन चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यात, कालवल्याबरोबर प्यायचं, वरून आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं. गिळायला त्रास असेल तर घेऊच नये. बाकी गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले की कमी कुंथावं लागतं. आणि पेपर संडासात न्यायचा नाही, अण्णा नेत असतील तर.

खर्चाचं म्हणाल तर सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, अण्णांचं काढून ठेवा. ते भरती झाल्यावरच्या उपचारांना चालतं, ओपीडीतल्या तपासणीला नाही. त्यामुळे पहिल्या दिवसाचे पैसे खिशातूनच जातील.

पत्राची वाट बघत बसू नये असे काही प्रसंग आहेत, ते आईला आजच सांगून ठेवा. रक्ताच्या गाठी पडल्या, रक्त थांबेनाच, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, चालताना दम लागला किंवा छातीत दाटलं, तर १०८ लावायचा आणि थेट इमर्जन्सीत न्यायचं. तिथे पहिलं वाक्य "मूळव्याध आहे" असं नको. "स्टेंट आहे, ॲस्पिरिन चालू आहे, रक्त जातंय, हिमोग्लोबिन १०.२ होतं" हे एवढं सांगायचं. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा, घाईत आठवत नाही.